कॅरेक्टरला नवीन आउटफिट घातला की चेहरा आणि स्टान्स बिघडतो? आधी हे तपासा

गेममधलं एखादं ओळखीचं कॅरेक्टर घ्यायचं, त्याला फँटसी चिलखत किंवा साय-फाय सूट घालायचा, पण चेहरा तोच आणि उभं राहणंही तेच ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फाईल्समध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच बिघडलेलं असतं आणि गंमत म्हणजे दर वेळी तक्रार एकच, "चेहरा जमत नाहीये". मग मी फाईल उघडतो तर चेहरा बहुतेक वेळा ठीकठाक असतो, गोंधळ कपड्यात असतो. म्हणून पहिली सूचना आत्ताच देतो, खालच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत चेहऱ्याला हात लावायचा नाही.

उदाहरण म्हणून एकच केस शेवटपर्यंत घेतो, स्ट्रीट फायटरमधला रियू. कारण त्याचा ओरिजिनल ड्रेस म्हणजे ढगळ पांढरा कराटे गी, काळा पट्टा, लाल हेडबँड, अनवाणी पाय. त्यावर साय-फाय सूट चढवायचा म्हटलं की जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडतं. एका पोराची फाईल आली होती, त्याला रियूला अंतराळातल्या योद्ध्याचा सूट द्यायचा होता, आकडे त्याच फाईलमधले देतो.

लक्षणं

- लोक विचारतात "हा कोण?" आणि तुम्ही नाव सांगितल्यावर म्हणतात "अच्छा हो, हेडबँड आहे ना."
- डोकं छोटं वाटतंय, जरी तुम्ही ते बदललेलं नाही.
- कॅरेक्टर आता लढायला नाही तर फोटो काढायला उभं आहे असं वाटतं. गुडघे सरळ झालेत, कंबर ताठ.
- मान गायब, खांदे कानापर्यंत, त्यामुळे पोक काढल्यासारखं दिसतंय.
- पाय जमिनीला टेकत नाहीत, तरंगतात.
- डोकं दुसऱ्या चित्रातून कापून चिकटवल्यासारखं वाटतं.
- चेहरा तोच आहे पण वय कमी झालंय किंवा भाव बदललाय, रागीट होता तो आता नुसता दमलेला दिसतो.

यातलं एकच लक्षण असेल तर तुमचं नशीब चांगलं, सहसा तीन-चार एकत्र येतात कारण मूळ एकच असतं. आता सोप्यापासून अवघडाकडे जाऊ.

१. रेफरन्स एकाच रियूचा आहे का?

फुकट आहे, पाच मिनिटं लागतात, आणि अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं. रियू म्हणजे एक माणूस नाही. 1987 च्या पहिल्या गेममध्ये त्याचे केस लालसर होते आणि पाय अनवाणी नव्हते. 1991 च्या स्ट्रीट फायटर टू मधला काळ्या केसांचा, अनवाणी पायांचा, तो आपल्या डोक्यात बसलेला. 2023 च्या सहाव्या गेममध्ये त्याला दाढी आहे, वय वाढलंय आणि अंगावर एका खांद्यावरून घेतलेलं भिक्षूसारखं वस्त्र आहे. आता तुम्ही चेहरा सहाव्या गेममधून घेतला, स्टान्स दुसऱ्यामधून आणि मधे कुठल्यातरी फॅन आर्टमधून खांदे, तर "ओरिजिनल" नावाची गोष्टच राहिली नाही, मग तो जपायचा कसा?

त्या पोराच्या फाईलमध्ये हेच होतं, चेहरा एका गेमचा आणि स्टान्स दुसऱ्याचा. दोघांचा कॅमेरा वेगळा. चेहरा थोडा खालून बघितलेला, अंग सरळ समोरून. असं असलं की मान कुठल्याही कोनात लावा, चुकीचीच दिसणार.

एकच गेम निवडा, एकच पूर्ण अंगाची इमेज निवडा, पायाच्या बोटांपासून केसांपर्यंत दिसणारी. ती सगळ्यात खालच्या लेअरवर टाका आणि लॉक करा. दुसऱ्या इमेजेस चालतील पण फक्त कापडाच्या किंवा धातूच्या टेक्स्चरसाठी, अंगासाठी नाही.

एक बारीक गोष्ट, जुन्या 2D गेममध्ये कॅरेक्टर वळलं की स्प्राइट सरळ आरशासारखा उलटा व्हायचा. सगाट नावाच्या फायटरची डोळ्यावरची पट्टी म्हणून या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जायची! तर रेफरन्स स्क्रीनशॉट असेल तर तो कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते ठरवून ठेवा, आणि एकाच खांद्यावर मोठी प्लेट देणार असाल तर ती डाव्या की उजव्या हे कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या चित्रात ती बाजू बदलणार.

२. चेहरा खरंच हललाय का? ओव्हरले लावून बघा

इथे अंदाज नको, पुरावा हवा. ओरिजिनल इमेजची कॉपी करा, सगळ्यात वर ठेवा, ब्लेंडिंग मोड डिफरन्स करा. जिथे दोन्ही चित्रं तंतोतंत सारखी तिथे पूर्ण काळं दिसतं, जिथे फरक तिथे उजेड. चेहऱ्याचा भाग काळा आला तर चेहरा बदललेला नाही, विषय संपला, पुढच्या तपासणीकडे जा. डोळे, नाक, जबडा यांच्या कडेने बारीक चमकणारी रेघ आली तर चेहरा काही पिक्सेल सरकलाय.

हे सरकणं कसं होतं तर बहुतेक वेळा लेअर्स मर्ज केल्यावर. आउटफिट जरा रुंद करायचा म्हणून ट्रान्सफॉर्म किंवा लिक्विफाय मारलं, चेहरा त्याच लेअरवर होता, तोही ताणला गेला. दोन-तीन टक्के ताण तुमच्या डोळ्याला कळत नाही कारण तुम्ही तासभर तेच बघताय, पण बघणाऱ्याला चेहरा "कोणासारखा तरी" वाटतो. उपाय सोपा, चेहरा, केस, कान आणि हेडबँड यांचा वेगळा ग्रुप, लॉक केलेला, कायम.

मधे कधी कॅनव्हासची साइज बदलली असेल तर मात्र ही टेस्ट फसवते, सगळ्याच कडा चमकतात, कारण पिक्सेल नव्याने मोजले गेलेत. तेव्हा ओरिजिनल पण त्याच प्रमाणात रिसाइज करा आणि बुबुळांवर जुळवून मग बघा.

सोबत कॅनव्हास आडवा फ्लिप करून बघायची सवय ठेवा. क्रिटामध्ये `M` दाबलं की फक्त व्ह्यू उलटा होतो, फाईलला काही होत नाही. फ्लिप केल्यावर कॅरेक्टर एका बाजूला पडतंय असं वाटलं तर वजन बिघडलंय, त्याचं पाचव्या तपासणीत बघू.

३. सगळं काळं करा

आउटफिटसकट पूर्ण आकृती एका काळ्या रंगात भरा, शेजारी ओरिजिनल तसाच काळा, दोन्ही अंगठ्याच्या नखाएवढे लहान करा. आता दुरून बघा, ओळखू येतोय का?

हे का करायचं तर गेममध्ये माणूस चेहरा बघून कॅरेक्टर ओळखतच नाही. टीम फोर्ट्रेस टू बनवणाऱ्यांनी 2007 मध्ये त्यांच्या आर्ट स्टाइलवर पेपर लिहिला होता, त्यात क्रम स्पष्ट आहे, आधी रंगावरून आपला की परका, मग अंगाच्या बाह्य आकारावरून कोण, मग हातात काय. चेहरा बराच मागे. म्हणजे तुम्ही चेहरा अगदी जसाच्या तसा ठेवला तरी बाह्य आकार गेला की ओळख गेली.

काळ्या आकृतीत भरीव भाग बघू नका, भोकं बघा. रियूच्या स्टान्समध्ये कोपर आणि बरगडीच्या मधे एक मोकळा तुकडा असतो, दोन पायांच्या मधे मोठा त्रिकोण असतो, मुठी छातीपासून सुटलेल्या दिसतात, आणि हेडबँडची टोकं मागे उडत असतात. साय-फाय सूटने पहिला बळी जातो तो कोपरामागच्या मोकळ्या जागेचा, कारण दंडावर, बरगडीवर, दोन्हीकडे प्लेट जाड केली की मधलं भोक बुजतं. भोक बुजलं की हात अंगाला चिकटले आणि लढायचा स्टान्स संपला, तो आता हाताची घडी घालायला निघालाय असं वाटतं.

दुरुस्ती, जाडी बाहेरच्या बाजूला द्या, आतल्या बाजूला नाही. दंडाची प्लेट फक्त बाहेरून, आतून पातळ कापड. बरगडीवर तर काहीच जाड नको. मांडीला पण तेच, बाहेरून प्लेट, आतून साधं. आणि हे डिझाइनच्या सोयीसाठी सांगत नाहीये फक्त, खरी चिलखतंसुद्धा अशीच असतात, मांडीच्या आतल्या बाजूला आणि काखेत जाड पत्रा घातला तर माणूस घोड्यावर बसू शकणार नाही की हात हलवू शकणार नाही.

४. डोकं छोटं वाटतंय ते डोक्यामुळे नाही

सगळ्यात जास्त चुकीचा इलाज याच लक्षणावर होतो. डोकं छोटं वाटतं, म्हणून माणूस डोकं मोठं करतो, मग मान जाड करतो, मग चेहरा बदलला म्हणून रडतो.

मोजा. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत म्हणजे एक डोकं. त्या फाईलमध्ये ते 400 पिक्सेल होतं, ओरिजिनलमध्ये पण 400. खांद्यांची रुंदी ओरिजिनलमध्ये 1080, म्हणजे 2.7 डोकी. नवीन चित्रात प्लेट धरून 1720, म्हणजे 4.3 डोकी. झालं, उत्तर सापडलं. डोकं होतं तेवढंच आहे, शेजारचं सगळं फुगलं. आम्ही प्लेट 1320 पर्यंत आणल्या, म्हणजे 3.3 डोकी, आणि डोक्याला हात न लावता डोकं परत मोठं झालं.

माझा ढोबळ नियम असा की ओरिजिनल खांद्यांच्या रुंदीत सगळं मिळून अर्ध्या ते पाऊण डोक्यापेक्षा जास्त भर घालायची नाही. जाडजूड दणकट लूक पाहिजेच असेल तर तो मनगटाकडे आणि पोटरीकडे द्या, चेहऱ्यापासून लांब. रियूला हातमोजे आहेतच, त्यांना मोठं केलं तर ओळख उलट वाढते.

दुसरं, चेहऱ्याची चौकट. लोक चेहरा म्हणजे डोळे-नाक-तोंड समजतात, पण ओळखायला भुवया, केसांची कपाळावरची रेघ, कान आणि जबड्याखालची मान इतकी सगळी लागतात. हेल्मेट घातलं की भुवया आणि केसांची रेघ जाते, उंच कॉलर घातला की जबड्याची खालची कड जाते. दोन्ही केलं तर मधे उरतो तो कुणाचाही चेहरा. रियूच्या बाबतीत जाड भुवया आणि त्यावर लगेच हेडबँड, हीच खरी सही आहे. म्हणून हेल्मेट नकोच, फार तर मानेमागे दुमडलेलं दाखवा. कॉलर पाहिजे तर पुढून व्ही आकारात उघडा ठेवा, जसा गी उघडा असतो. तो गळ्याजवळचा व्ही तसाच ठेवला की सूट कितीही नवीन असला तरी नजर आपोआप वर चेहऱ्याकडे जाते. मान आणि खांद्याच्या मधला उतार दिसलाच पाहिजे, तो झाकला की पोक.

५. ढगळ कपड्याखाली सांधे कुठे आहेत?

इथून काम वाढतं. वरच्या चार तपासण्या तासाभरात होतात, ही नीट केली तर एक संध्याकाळ जाते, पण स्टान्स बिघडण्याचं खरं कारण माझ्या मते दहातल्या सात वेळा इथेच असतं.

गीची पॅन्ट ढगळ आहे. तिच्यात गुडघा दिसत नाही, खुबा दिसत नाही, आणि पॅन्टचा मधला जोड खऱ्या जांघेपेक्षा बराच खाली लोंबतो. तुम्ही जेव्हा त्याच बाह्यरेषेवर घट्ट सूट काढता तेव्हा डोळा कापडाच्या जोडालाच जांघ समजतो, म्हणजे पाय आखूड होतात. मग पाय आखूड वाटले म्हणून माणूस गुडघा सरळ करतो, उंची वाढवतो, आणि स्टान्स उभा होतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, हात आपोआप करतो.

म्हणून आधी सांधे शोधायचे. ओरिजिनलच्या वर नवीन लेअर घ्या आणि ठिपके द्या. काळा पट्टा कुठे आहे त्यावरून कंबर मिळते. खुब्याचे सांधे पट्ट्याच्या बरेच खाली, साधारण तळहाताच्या लांबीएवढे, बाहेरच्या बाजूला. घोटे दिसतातच कारण पाय अनवाणी आहेत. राहिला गुडघा, तो कापडाच्या सुरकुत्या सांगतात. वाकलेल्या गुडघ्यावर कापड ताणलं जातं आणि सुरकुत्या तिथून पंख्यासारख्या बाहेर जातात, त्यांचं मूळ जिथे तिथे ठिपका. पुढच्या पायाची मांडी आपल्याकडे येत असेल तर ती आखूड दिसणारच, ती लांब करून "दुरुस्त" करू नका, ती आखूड दिसते म्हणूनच गुडघा वाकलेला कळतो.

मग खांदे, कोपर, मनगटं. सगळे ठिपके रेघांनी जोडा. या लेअरला लॉक, आणि याच्यावर दोन आडव्या रेघा, एक दोन्ही खांद्यांतून, एक दोन्ही खुब्यांतून. ओरिजिनलमध्ये या दोन रेघा समांतर नसतात, अंगाला पीळ असतो. आउटफिट काढताना ही कंबर आणि खांद्यांची रेघ समांतर झाली तर समजा पीळ गेला आणि कॅरेक्टर लाकडी झालं. साय-फाय सूटमध्ये छातीवर सरळ आडव्या पट्ट्या द्यायचा मोह होतो ना, त्या पट्ट्या कॅनव्हासला समांतर काढल्या की पीळ मरतो. प्रत्येक पट्टी खांद्याच्या रेघेच्या कलाने गेली पाहिजे आणि खाली येता येता कंबरेच्या कलाकडे वळली पाहिजे.

आता बूट. अनवाणी पायाला बूट दिला की तळवा जाड होतो, त्या फाईलमध्ये सोल 90 पिक्सेलचा होता. जमीन तिथेच आणि डोकं पण तिथेच ठेवून त्याने मधे 90 पिक्सेल कोंबले होते. साहजिकच पोटऱ्या दबल्या. असं कोंबायचं नाही. एकतर जमीन 90 पिक्सेल खाली न्या आणि सगळे सांधे जागच्या जागी ठेवा, किंवा पूर्ण आकृती घोट्यापासून डोक्यापर्यंत एकत्र वर उचला. आम्ही तिसरं केलं, सोल 30 वर आणला आणि बोटांच्या मुळाशी वाकणारा जोड दिला, कारण त्या रेफरन्समध्ये मागच्या पायाची टाच उचललेली होती. एकसंध कडक सोल दिला तर ती टाच उचललीच जाणार नाही, आणि उचललेली टाच गेली की उडी मारायच्या तयारीतला माणूस रांगेत उभा राहिलेला माणूस होतो.

शेवटी वजन. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली एक उभी रेघ टाका. ओरिजिनलमध्ये ती दोन पावलांच्या मधे नेमकी कुठे पडते ते बघा, नवीन चित्रात तिथेच पडली पाहिजे. पाठीवर मोठा जेटपॅक वगैरे दिला असेल तर खरं तर माणूस पुढे झुकेल, पण आपल्याला स्टान्स बदलायचा नाहीये, म्हणून जेटपॅक एकतर काढा किंवा इतका पातळ करा की तो हलका वाटेल.

६. चिलखत कंबरेत वाकतं का?

सांधे जुळले, तरी कॅरेक्टर ताठ दिसतंय? मग चिलखताचे तुकडे चुकीच्या जागी संपतायत.

युरोपातलं पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत बघा, छातीचा कडक पत्रा कंबरेला, म्हणजे बेंबीच्या आसपास, संपतो. खुब्यापर्यंत येत नाही. कारण माणूस खुब्यात वाकतो, आणि पत्रा तिथपर्यंत आला तर मांडी वर उचलताना तो थेट लागेल. कंबरेच्या खाली एकावर एक सरकणारे आडवे पत्रे, आणि मांडीवर पट्ट्यांनी लोंबणाऱ्या सुट्या ढाली. अशा सगळ्या सेटचं वजन साधारण 15 ते 25 किलो, पण ते अंगभर वाटलेलं असल्यामुळे त्यात माणूस पळू शकायचा. फँटसी चित्रं काढणारे बरेच जण छातीचा पत्रा चड्डीपर्यंत आणतात, आणि मग खाली वाकलेले गुडघे असले तरी वरचं धड सरळसोट खांबासारखं, पाहणाऱ्याला ते दोन वेगळे माणूस वाटतात.

साय-फायचं पण तसंच आहे. खरे अंतराळातले सूट आतून हवेने फुगवलेले असतात, त्यामुळे ते मुळात वाकायला नकार देतात, म्हणून त्यांच्या खांद्यात आणि मनगटात फिरणाऱ्या रिंगा, कोपर-गुडघ्यात चुण्यांचे भाग घालावे लागतात. तुमच्या सूटला तशा चुण्या वाकणाऱ्या जागी दिल्या की लगेच पटतं. आणि चुण्यांचं वाचन उलटं होऊ देऊ नका, वाकलेल्या गुडघ्याच्या मागे चुण्या दाटीने, पुढे पसरलेल्या. दोन्हीकडे सारख्या काढल्या तर पाय सरळ वाचला जातो, सांधा बरोबर असला तरी.

रियूसाठी सोय अशी की काळा पट्टा आयता आहे. कडक भाग पट्ट्याच्या वर संपवा, पट्टा सूटचा खरा जोड करा, खाली गीच्या झग्यासारख्या दोन मऊ पाकळ्या लोंबू द्या. पट्ट्याची गाठ आणि टोकं ठेवा, ती लोंबणारी टोकं कमरेचा कल दाखवतात. इथे त्या पोराने पट्टा काढून चमकणारी निळी बकल लावली होती. बकल गेली, पट्टा परत आला, आणि खरं सांगतो एवढ्या एका बदलाने निम्मा रियू परत आला.

मग तीन मूव्हची टेस्ट घ्या. काठीच्या माणसासारखी साधी रफ चित्रं चालतील. शोर्युकेनमध्ये हात सरळ वर जातो, खांद्याची प्लेट जबड्याला लागते का? हाडोकेनमध्ये दोन्ही हात आधी कमरेजवळ मागे येतात, मनगटाचं चिलखत कमरेच्या पत्र्यावर आपटतं का? तात्सुमाकीमध्ये पाय बाजूला आडवा जातो, मांडीची ढाल पोटात घुसते का? लागत असेल तर तो तुकडा सुटा करा, पट्टीवर लटकवा किंवा लहान करा. जो आउटफिट या तीन मूव्ह करू शकतो तो उभ्या स्टान्समध्येही खोटा वाटत नाही.

७. डोकं चिकटवल्यासारखं दिसतंय, म्हणजे उजेड

हे शेवटी ठेवलं कारण रंगवल्याशिवाय तपासता येत नाही. सगळ्यात वर एक राखाडी रंगाने भरलेला लेअर टाका आणि मोड कलर करा, पूर्ण चित्र ब्लॅक अँड व्हाइट होईल. आता सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट कुठे आहे? ओरिजिनल रियू म्हणजे मोठा फिकट पांढरा भाग आणि त्यावर गडद केस-भुवया, म्हणून नजर चेहऱ्यावर थांबते. साय-फाय म्हटलं की लोक काळा सूट आणि छातीत निळा दिवा करतात, मग गडद केस गडद सूटमध्ये बुडतात आणि नजर दिव्यावर. दिवा काढायचा नसेल तर मंद करा, आणि सूटचा मोठा भाग फिकटच ठेवा, हस्तिदंती किंवा फिकट राखाडी सिरॅमिक टाइप. लाल रंग फक्त डोक्याजवळ आणि हातांवर.

छातीच्या दिव्याचा दुसरा त्रास म्हणजे तो खालून उजेड टाकतो. चेहरा वरून येणाऱ्या उजेडात रंगवलेला असतो, भुवयांखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली सावली. तीच सावली त्याची करडी नजर बनवते. खालून निळा उजेड खरा दाखवायला गेलात तर त्या सावल्या पुसल्या जातात आणि भाव बदलतो, नाही दाखवलात तर डोकं चिकटवलेलं दिसतं. मधला मार्ग असा, निळा रंग फक्त जबड्याच्या खालच्या कडेला आणि मानेवर, वेगळ्या लेअरवर चेहऱ्याला क्लिप करून, नाकाच्या वर अजिबात नाही. आणि सूटवरचा मुख्य उजेड चेहऱ्याच्याच दिशेने.

इथे थांबा

सातही तपासण्या झाल्या, डिफरन्स काळा आहे, ठिपके जुळतात, तरीही लोक ओळखत नाहीत, तर त्याच चित्रावर घासत बसू नका. तो डिझाइनचा प्रश्न आहे, ओळखीच्या खुणा जास्त काढून टाकल्यात. नवीन फाईल, त्याच सांध्यांवर छोटे काळे थंबनेल, आठ-दहा, आणि त्यातून निवडा. जुन्या फाईलमधून काही वाचवायचा प्रयत्न केलात तर तीच चूक परत येते.

आउटफिट खरंच गेमच्या मॉडेलवर चढवायचा असेल तर कॉन्सेप्ट काढणाऱ्याचं काम थ्री-मूव्ह टेस्टपर्यंत. त्यानंतर प्लेट अंगात घुसते, खांदा उचलला की पत्रा रबरासारखा ताणला जातो, कापड मांडीतून आरपार जातं, हे सगळं रिगिंग आणि वेट पेंटिंगचं काम आहे, म्हणजे मॉडेलला आतून सांगाडा जोडून कुठला भाग कशासोबत किती हलेल ते ठरवायचं. तिथे चित्र बदलून काही सुटत नाही, रिगर किंवा टेक्निकल आर्टिस्ट गाठा. रिग न समजता तुम्ही मॉडेलचा उभा राहायचा पोज हलवलात तर त्या कॅरेक्टरची सगळी ॲनिमेशन्स बिघडू शकतात, म्हणून तिथे प्रयोग नको.

आणि पैशाचा विषय आला, प्रिंट विकायच्यात, कुणी कमिशन देतंय, तुमचा आउटफिट दुसऱ्या गेममध्ये टाकायचाय, तर कॅरेक्टर कंपनीच्या मालकीचं आहे हे धरून चाला. आउटफिट तुमचा असला तरी चेहरा तुमचा नाही, आणि आपण तर तो मुद्दाम जसाच्या तसा ठेवलाय. अशा वेळी कॉपीराइट बघणाऱ्या वकिलाला आधी विचारा, काम सुरू करायच्या आधी.

रिगरकडे जाताना नुसतं रंगवलेलं चित्र देऊ नका. समोरून, बाजूने, मागून अशी तीन चित्रं, त्याच उंचीची, सांध्यांच्या ठिपक्यांचा लेअर चालू-बंद करता येईल असा, कुठला तुकडा कडक, कुठला मऊ, कुठला लटकणारा हे तीन रंगांत, आणि त्या तीन मूव्हची रफ चित्रं. प्लेट कशाला बांधलीये हेही बाणाने दाखवा, कारण रिगर पहिला प्रश्न तोच विचारतो.